‘मनाने ऊर्जेवर ताबा मिळवा’: एका उलट्या ओळीचं प्रकरण

पुण्यातल्या एका ताइ-ची वर्गाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी चाळीसेक पानांची मराठी पुस्तिका काढायचं ठरवलं. लाओझी या प्राचीन चिनी विचारवंताच्या ‘ताओ-ते-चिंग’मधली निवडक वचनं आणि त्याखाली दोन-दोन ओळींचं स्पष्टीकरण, असं तिचं रूप होतं. भाषांतराचं काम वर्गातल्याच एका ज्येष्ठ ताईंनी अंगावर घेतलं. तीन इंग्रजी भाषांतरं शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी सहा महिने मन लावून ते केलं. त्यांची मराठी स्वच्छ आहे, कान चांगला आहे. छपाईला देण्याआधी एकदा मूळ चिनी पाठाशी ताडून बघ, म्हणून त्यांनी ते बाड माझ्याकडे दिलं.

पंचावन्नाव्या प्रकरणातल्या एका ओळीपाशी मी अडकलो. ताईंच्या मसुद्यात ती अशी होती : ‘मनाने ऊर्जेवर ताबा मिळवणे, यालाच सामर्थ्य म्हणतात.’ वर्गाच्या सरांना ही ओळ इतकी आवडली होती की पुस्तिका यायच्या आधीच तिचा फलक भिंतीवर लागला होता.

मी एका सकाळी वर्ग बघायला गेलो. फलकाखाली साठीचे एक गृहस्थ उभे होते. डोळे घट्ट मिटलेले, दातांवर दात, पोट दगडासारखं कडक, कपाळाची शीर फुगलेली. श्वास आत घेऊन ते तो खाली ढकलत होते. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “ऊर्जा नाभीखाली उतरवतोय. मनाचा जोर लावावा लागतो. कधीकधी गरगरतं थोडं, पण ते चालायचंच.”

फलकावर लिहिलं होतं तेच ते अगदी निष्ठेने करत होते. पण लाओझीने ती ओळ नेमकं हे करू नये म्हणून लिहिली आहे.

मूळ ओळ पाच अक्षरांची. पहिलं अक्षर हृदय किंवा मन. दुसरं कामाला लावणं, हुकूम सोडणं, पिटाळणं. तिसरं ‘ची’, ज्याचं ताईंनी ‘ऊर्जा’ केलं होतं. चौथं ‘म्हणतात’. पाचवं ‘छ्यांग’, म्हणजे जोर, ताठपणा, बळजोरी. संदर्भ असेल तर सामर्थ्यसुद्धा. म्हणजे सुटं वाचलं तर ताईंचा अर्थ व्याकरणात बसतो. बावन्नाव्या प्रकरणात तर ‘मऊपण सांभाळणं याला छ्यांग म्हणतात’ असं कौतुकाने म्हटलेलं आहे. त्यामुळे निव्वळ शब्दकोशावर निकाल लागत नाही, ओळ कुठे बसली आहे ते बघावं लागतं.

हे प्रकरण तान्ह्या बाळापासून सुरू होतं. बाळाची हाडं कच्ची, स्नायू मऊ, पण मूठ मात्र घट्ट. दिवसभर टाहो फोडतं तरी घसा बसत नाही. का, तर त्याच्यात सगळं एकमेकांशी जुळलेलं आहे. मग येते आपली ओळ, आणि तिच्या पाठोपाठ लगेच : वस्तू भरात आली की म्हातारी होऊ लागते, हे ताओला, म्हणजे सृष्टीच्या वाटेला, सोडून आहे, जे ताओला सोडून आहे ते लवकर संपतं. म्हणजे मनाने ‘ची’ला हाकणं हे बाळाच्या नेमकं विरुद्ध आहे, आणि त्याचा शेवट अकाली म्हातारपणात होतो. तिसऱ्या शतकातला वांग बी हा या ग्रंथाचा सर्वात प्रसिद्ध टीकाकार. त्यानेही इथे मन रिकामं असावं, त्याने ‘ची’ला पिटाळलं की ताठपणा येतो, असाच अर्थ लावला आहे.

ताईंसारखी काळजीने काम करणारी बाई इथे उलट्या दिशेला कशी गेली? चूक ‘सामर्थ्य’ या शब्दात दिसते, पण तिचं मूळ काही शब्द आधी, ‘ऊर्जा’त आहे. ऊर्जा म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर वीज, बॅटरी, चार्ज होणं येतं. ऊर्जा साठवायची असते, वाढवायची असते, तिच्यावर नियंत्रण मिळवायचं असतं. ती वाया घालवणं वाईट. एकदा हा शब्द वाक्यात बसला की ‘मनाने तिच्यावर ताबा मिळवणं’ ही चांगलीच गोष्ट ठरते, आणि मग पुढचा शब्द आपोआप ‘सामर्थ्य’ होतो.

आता ‘ची’ म्हणजे मुळात काय? (उच्चाराच्या दृष्टीने खरं तर ‘छी’ जवळचं, कारण चिनी ध्वनी महाप्राण आहे. पण मराठीत ‘छी’ लिहिलं तर वाचणारा नाक मुरडेल, आणि नुसतं ‘ची’ लिहिलं तर षष्ठीचा प्रत्यय वाटेल. म्हणून आम्ही ते कायम अवतरणचिन्हांत ठेवलं.) शू शन या विद्वानाने इसवी सन 100च्या सुमारास चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश पूर्ण केला. त्यात या शब्दाच्या साध्या अक्षराचा, म्हणजे तीन आडव्या रेषांच्या रूपाचा, अर्थ दिला आहे ढगांची वाफ. आज पारंपरिक लिपीत जे रूप वापरतात त्यात खाली तांदळाचं चिन्ह असतं. त्यावरून ‘शिजत्या भातावरची वाफ म्हणजे ची’ अशी गोड व्युत्पत्ती अनेक पुस्तकांत सापडते. ताईंच्या मसुद्यातही होती. ती आम्ही काढली. शू शनच्या कोशात तांदूळवाल्या अक्षराचा अर्थ निराळाच आहे : पाहुण्यांना दिला जाणारा शिधा आणि वैरण. त्यात तांदूळ हा अर्थासाठी आहे आणि वरच्या रेषा फक्त उच्चारासाठी. पुढे ते अक्षर वाफेच्या शब्दासाठी वापरात आलं आणि शिध्यासाठी वेगळं अक्षर करावं लागलं.

तर वाफ, धुकं, श्वास, हवा इथून हा शब्द निघतो, आणि ती चव तो कधी सोडत नाही. ताओ परंपरेतल्याच ‘च्वांगझी’ या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणात म्हटलं आहे की ही प्रचंड ढेकळासारखी पृथ्वी ‘ची’ बाहेर टाकते, तिचं नाव वारा. त्याच ग्रंथात पुढे : माणसाचं जगणं म्हणजे ‘ची’ गोळा होणं, गोळा झाली की जन्म, पांगली की मरण. इथे ‘ची’ ही माणसाच्या आत वाहणारी कुठली शक्ती नाही, तीच माणूस झाली आहे. धुकं दाटावं आणि विरावं, तसं.

मी ताईंना एक परीक्षा सुचवली. जुन्या चिनी इतिवृत्तात इसवी सनपूर्व 541 सालची एक नोंद आहे. आजारी राजाला तपासायला आलेला वैद्य सांगतो की आकाशाच्या सहा ‘ची’ असतात : यिन, यांग, वारा, पाऊस, अंधार आणि उजेड. त्यातली एखादी अती झाली की विशिष्ट रोग होतो. इथे ‘ऊर्जा’ घालून बघा, म्हटलं. ताईंनी मोठ्याने वाचलं, “पावसाची ऊर्जा, अंधाराची ऊर्जा…” आणि थांबल्या. “अंधार अती झाला हे कळतं,” त्या म्हणाल्या, “पण अंधाराची ऊर्जा वाढली म्हणजे काय?”

तिथेच नेमकं बोट पडलं. ऊर्जेला फक्त ‘किती’ विचारता येतं. भौतिकशास्त्रात तर ती मोजण्याचीच गोष्ट आहे, आणि एका प्रकारची दुसऱ्या प्रकारात बदलली तरी हिशोब तोच राहतो. ‘ची’ला मात्र आधी ‘कशी’ विचारावं लागतं : थंड की उष्ण, दमट की कोरडी, मोकळी की तुंबलेली, वर चढणारी की खाली बसणारी. आजच्या रोजच्या चिनी बोलण्यातही हवामानाला ‘आकाशाची ची’ म्हणतात आणि रागावण्याला ‘ची उत्पन्न होणं’. आणि त्याच भाषेत भौतिकशास्त्रातल्या ऊर्जेला ‘नंगल्यांग’ असा पूर्ण वेगळा शब्द आहे. चिनी विद्यार्थी जूल मोजताना ‘ची’ म्हणत नाही.

मग हा शब्द चिकटला कसा? त्यात मोठा वाटा फ्रान्सचा. चीनमध्ये राजनैतिक नोकरी केलेल्या जॉर्ज सुलिए द मोराँ याने 1930च्या दशकात अ‍ॅक्युपंक्चरवर लिहिताना ‘ची’ला फ्रेंचमध्ये ऊर्जेचा शब्द वापरला. वैद्यकाला आधुनिक वाटेल असं नाव हवं होतं, आणि ते युरोपभर पसरलं. आपल्याकडे तो शब्द इंग्रजीतून आला आणि मराठीत ‘ऊर्जा’ झाला. म्हणजे आपण चिनी शब्दाचं भाषांतर करतच नाही, एका फ्रेंच निवडीचं करतो.

सरांचा प्रस्ताव होता ‘प्राण’. तो ऊर्जेपेक्षा कितीतरी जवळचा आहे, कारण त्यात श्वास शिल्लक आहे. पण प्राण सजीवाचा असतो. पावसाचा, धुक्याचा, उजेडाचा प्राण म्हटलं की आपण काव्यात शिरतो. चिनी वैद्य मात्र काव्य करत नव्हता. शिवाय प्राण म्हटला की प्राणायाम आला, आणि प्राणायाम म्हटला की नियमन, रोखणं, ताबा आलाच. फलकावरची चूक नव्या कपड्यांत परत आली असती.

शेवटी आम्ही ठरवलं की एकच प्रतिशब्द शोधायचा नाही. शरीराच्या संदर्भात ‘श्वास’ किंवा ‘श्वासवारा’, निसर्गाच्या संदर्भात ‘हवा’, ‘वाफ’, ‘वारा’, आणि प्रत्येक ठिकाणी तळटिपेत ‘ची’ असं नोंदवायचं. दहाव्या प्रकरणातली ओळ ताईंनी पूर्वी ‘ऊर्जा एकवटून लवचिकता मिळवशील तर बाळासारखा होशील का?’ अशी केली होती. ती झाली : ‘श्वास एकवटून इतका मऊ करता येईल का, की तू तान्हं बाळ होशील?’ आणि पंचावन्नमधली : ‘मनाने श्वासाला हाकणं, याला म्हणतात बळजोरी.’ ‘हाकणं’ हा शब्द ताईंचा. मला तो सुचला नसता.

‘हाकणं’ हाती आलं आणि दुसरी अडचणही अर्धी सुटली. ती होती लाओझीच्या ‘वू-वेइ’ या शब्दाची. मसुद्यात सगळीकडे ‘काहीच न करणे’ होतं, आणि सरांनी प्रस्तावनेत त्यावर एक परिच्छेद लिहिला होता : धावपळ सोडा, स्वस्थ बसा, सगळं आपोआप होईल.

‘वू’ म्हणजे नसणं. तो ‘करू नकोस’मधला नकार नाही, ‘घरात मीठ नाही’मधला आहे. ‘वेइ’चं सर्वात जुनं, हाडांवर कोरलेलं रूप बघण्यासारखं आहे : एक हात आणि त्याखाली हत्ती. माणूस हत्तीला कामाला लावतो आहे. (शू शनच्या काळापर्यंत हे चित्र इतकं बदललं होतं की त्याने ते माकड म्हणून समजावलं, हाडांवरचे लेख तेव्हा जमिनीखाली होते.) पुढे या शब्दाचे अर्थ झाले करणं, बनवणं, अमुक म्हणून वागणं, अमुक मानणं. त्याला माणसाचं चिन्ह जोडून जे अक्षर होतं त्याचा अर्थ बनावट, कृत्रिम. म्हणजे ‘वेइ’मधलं करणं हे पापणी लवण्यासारखं किंवा चालण्यासारखं साधं करणं नाही. समोरच्या गोष्टीला आपल्या मनातल्या आकारात आणायचा उद्योग त्यात आहे. ‘वू-वेइ’ म्हणजे तो उद्योग नसलेलं.

ग्रंथातच याचा पुरावा आहे. त्रेसष्टावं प्रकरण नऊ अक्षरांत तीन आज्ञा देतं, तिन्हींची ठेवण एकच : वू-वेइ करा, बिनकामाचं काम करा, बेचव चाखा. तिसरी बघा. ‘बेचव चाखा’ म्हणजे उपाशी राहा नव्हे. तोंडात घास आहे, जीभ काम करते आहे, फक्त मसाल्याचा मारा नाही. पहिलीही तशीच वाचायला हवी : करणं आहेच, ते वेइविना आहे. ‘काहीच न करणे करा’ असं भाषांतर केलं तर वाक्यच पडतं, आणि थोड्या पुढच्या ओळीशी तर त्याचं भांडण लागतं. कारण ती ओळ सांगते की अवघड गोष्टीची आखणी ती सोपी असतानाच करा, मोठ्या गोष्टीला ती बारीक असतानाच हात घाला. स्वस्थ बसणाऱ्याला असा सल्ला कोण देईल?

चौसष्टाव्यात हे आणखी ठळक होतं. हजार मैलांचा प्रवास पहिल्या पावलाने सुरू होतो, हे वचन आपल्याकडे शाळेच्या भिंतींवरही असतं. ते इथलं आहे (मुळात ‘हजार ली, पायाखालून’ असं), आणि लगेच पुढचं वाक्य आहे : जो वेइ करतो तो बिघडवतो, जो धरून ठेवतो तो गमावतो. एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. 1993 साली हुपेइ प्रांतात क्वोत्येन इथे थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवरचा जो जुना पाठ सापडला, त्यात या प्रकरणाचे दोन भाग वेगवेगळे येतात. तेव्हा पाऊल आणि बिघडणं यांची जोडी मुळापासून होतीच असं धरून चालत नाही. पण दुसरा भाग एकटा घेतला तरी पुरतो. त्यात म्हटलं आहे की लोक काम होत आलेलं असतानाच बिघडवतात, म्हणून शेवटाकडेही सुरुवातीइतकीच काळजी घ्यावी. आणि ज्ञानी माणूस सगळ्या गोष्टींना त्यांच्या आपल्या-आपण होण्यात मदत करतो, पण वेइ करायला धजत नाही. मदत करतो हे क्रियापद तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे.

मदत आणि वेइ यांतलं अंतर सरांना दाखवायला मी लाओझी बाजूला ठेवून मेंगझीची गोष्ट सांगितली. मेंगझी कन्फ्यूशियसच्या परंपरेतला, आणि या ठिकाणी तो ‘वू-वेइ’ हा शब्द वापरत नाही. पण विषय ‘ची’चाच आहे : माणसाने आपली विशाल ‘ची’ कशी वाढवावी. तो म्हणतो, सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला रोपं वाढत नाहीत याची काळजी लागली. तो शेतात गेला आणि एकेक रोप थोडंथोडं वर ओढत सुटला. संध्याकाळी दमून घरी आला आणि म्हणाला, आज पार थकलो, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात गेला, तर रोपं सुकून गेली होती. आणि मग मेंगझी एक वाक्य घालतो जे बहुतेक जण गोष्ट सांगताना गाळतात : उपयोग नाही म्हणून जो सोडून देतो तो खुरपणी न करणारा, आणि जो वाढवायला मदत करतो तो रोप ओढणारा.

सर मावळातले, घरची भातशेती. ते म्हणाले, “म्हणजे बेणणी करायचीच. पाणी बघायचंच. फक्त तरवा ओढायचा नाही.” मी म्हटलं, हेच प्रस्तावनेत लिहा.

त्यांनी आधी ‘निष्काम कर्म’ घालायचं सुचवलं होतं, आणि तो मोह मला समजतो. पण गीतेत सोडायची आहे ती फळावरची आसक्ती. कर्म आपलं विहित असतं आणि ते पुरेपूर करायचं असतं. लाओझीला फळ हवं आहे. सदतिसाव्या प्रकरणातलं वाक्य आहे, वू-वेइ आणि तरी न झालेलं असं काही राहत नाही. त्याची तक्रार करण्याच्या रीतीबद्दल आहे. आपल्याकडचा खरा दुवा दुसरीकडे आहे. बौद्ध ग्रंथ भारतीय भाषांतून चिनीत जाऊ लागले तेव्हा ‘असंस्कृत’ या बौद्ध संज्ञेसाठी, म्हणजे जे कुणी घडवलेलं नाही, कारणांनी रचलेलं नाही त्यासाठी, तिथल्या भाषांतरकारांनी ‘वू-वेइ’ घेतलं. सुरुवातीच्या भाषांतरांत तर निर्वाणालाही तोच शब्द आहे. त्यांनी ‘वेइ’ म्हणजे घडवणं, रचणं असंच ऐकलं होतं.

तरीही ‘काहीच न करणे’ मी सगळीकडून खोडलं नाही. च्वांगझीच्या पहिल्या प्रकरणात एका निरुपयोगी, वाकड्यातिकड्या झाडाशेजारी वू-वेइ रेंगाळावं आणि त्याच्या सावलीत निजावं, असं आहे. तिथे ‘काही न करता रेंगाळावं’ हेच बरोबर. आणि कन्फ्यूशियसच्या वचनांच्या ‘लुन-यू’ या संग्रहामध्ये शुन राजाने वू-वेइने राज्य केलं, त्याने केलं तरी काय, आदराने दक्षिणेकडे तोंड करून बसला, असं म्हटलं आहे. तिथे राजाने प्रधानांची कामं स्वतः करू नयेत हा रोख आहे, त्यामुळे ‘ढवळाढवळ न करता’ शोभतं. पुस्तिकेत राज्यकारभाराच्या प्रकरणांत आम्ही तेच घेतलं, आणि शरीराच्या प्रकरणांत ‘न ओढता’.

साठाव्या प्रकरणाचं भाषांतर ताईंनी आधीच सुंदर केलं होतं, त्याला मी हात लावला नाही. मोठ्या राज्याचा कारभार लहान मासे शिजवण्यासारखा करावा, असं ते आहे. जुने टीकाकार सांगतात की मासे सारखे ढवळले तर तुटतात. ताई मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी खाली स्पष्टीकरणात लिहिलं : ‘मांदेली तव्यावर टाकली की हात आवरावा लागतो. घडीघडी उलथलं तर तुकडे होतात. पण चुलीपुढून उठता येत नाही. वासावरून, आवाजावरून कळतं कधी परतायची ते. एकदाच परतायची.’

भिंतीवरचा फलक सरांनी उतरवला. ते साठीचे गृहस्थ आता श्वास सोडताना आधी जबडा सैल करतात. गरगरणं थांबलं आहे का हे विचारल्यावर म्हणाले, “थांबलं. पण आता पोटात काही उतरल्यासारखं वाटत नाही.” ताईंनी त्यांना सांगितलं, “उतरवायचं नव्हतंच काही.”